एक्स्पेक्टेशनचं प्रेडिक्शन झालं तेव्हा

अरे,

तुझा लिटरेचर रिव्ह्यू काल रात्री वाचला. सिमिलॅरिटी ९ टक्के आली म्हणून तू खूश आहेस, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या १० टक्क्यांच्या आत, ठीक. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं, आणि तुझ्या पान ३ वर शब्द जुळत नाहीयेत तरी तो परिच्छेद तुझा नाहीये.

पॅरासुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांचा १९८८ चा सर्व्हक्वालचा, म्हणजे सेवेचा दर्जा मोजणाऱ्या स्केलचा, पेपर तू घेतलास, वाक्यरचना त्यांचीच ठेवलीस, क्रमही त्यांचाच, आणि शब्द तेवढे बदललेस. कस्टमरचं कन्झ्युमर, आणि एक्स्पेक्टेशनचं प्रेडिक्शन! आता गंमत बघ, त्याच पेपरात लेखक मुद्दाम सांगतात की समाधानावरच्या लिखाणात एक्स्पेक्टेशन म्हणजे काय मिळेल याचा अंदाज असतो, आणि आम्ही मात्र तो शब्द ‘कंपनीने काय द्यायला हवं’ या अर्थाने वापरतोय. म्हणजे ते जे नको म्हणतायत नेमकं तेच तू त्यांच्या तोंडी घातलंस, वर त्यांचं नाव आणि साल कंसात. एक्स्पेक्टेशन, परसेप्शन, रिलायबिलिटी हे शब्द त्या विषयातल्या संज्ञा आहेत, ते तसेच राहू देत, त्यांना कोणी चोरी म्हणत नाही. बदलायची असते ती मांडणी.

मी काय करते सांगते. पेपर वाचायचा, मग बंद करायचा, खरंच बंद, टॅब पण बंद, आणि घरात कुणाला तरी सांगतोय असं मराठीत सांगायचं. ‘माणूस बँकेत जातो तेव्हा चांगल्या बँकेने कसं वागायला हवं हे त्याच्या डोक्यात असतं, मग या बँकेत काय अनुभव आला ते तो पाहतो, आणि या दोन्हीतलं अंतर मोजायला यांनी २२ वाक्यांची प्रश्नावली बनवली.’ एवढं जमलं की हेच इंग्रजीत लिही, आणि मग पेपर उघडून दोनच गोष्टी तपास, अर्थ सरकला का आणि सलग चार-पाच शब्द त्यांचेच उतरले का. उतरले असतील आणि ते तसेच हवे असतील तर अवतरणचिन्ह आणि पान नंबर टाक. मराठीत सांगता आलं नाही तर पेपर समजलेला नाही, परत वाच. (मात्र पेपरातलं वाक्य मराठीत नेऊन तेच परत इंग्रजीत आणणं हे पॅराफ्रेज नव्हे, तसं करणारे बरेच पाहिलेत.)

दुसरी गोष्ट, तू लिहिलंयस की सर्व्हिस क्वालिटीच्या पाच डायमेन्शन्स १९८५ मध्ये मांडल्या. १९८५ चा जर्नल ऑफ मार्केटिंगमधला पेपर उघडून बघितलास का? तिथे दहा आहेत, चार प्रकारच्या सेवांच्या ग्राहकांचे १२ फोकस ग्रुप घेऊन काढलेल्या. पाच झाल्या १९८८ ला, जर्नल ऑफ रिटेलिंगमध्ये, टँजिबल्स, रिलायबिलिटी आणि रिस्पॉन्सिव्हनेस राहिल्या आणि बाकीच्या सात अ‍ॅश्युरन्स आणि एम्पथीत मिसळल्या. म्हणजे तू कुणाच्या तरी थीसिसमधून चुकीचं साल उचललंस, आणि ज्याला हे पेपर माहिती आहेत त्या परीक्षकाला ते एका नजरेत कळतं. मूळ पेपर मिळत नसेल तर ‘अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिही आणि शेवटच्या यादीत जे स्वतः वाचलंस तेच टाक, पण हा तर सहज मिळतो रे.

कंसातलं नाव कुठे टाकायचं यातही गोंधळ आहे. सहा वाक्यं लिहून शेवटी एकदाच कंस टाकलास, मग त्यातलं कुठलं त्यांचं आणि कुठलं तुझं हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? पहिल्याच वाक्यात लेखकांना कर्ता कर. ‘पॅरासुरामन आणि इतर (१९८८) यांच्या मते’ असं सुरू केलं की पुढचं वाक्य त्यांचं, मग क्रोनिन आणि टेलर (१९९२) यांना आण, त्यांनी बँक, पेस्ट कंट्रोल, ड्राय क्लीनिंग आणि फास्ट फूड घेऊन म्हटलं की अपेक्षा मोजायचीच गरज नाही, प्रत्यक्ष सेवा कशी होती एवढं विचारलं तरी पुरतं. आणि त्यानंतर ‘माझ्या सहकारी बँकेच्या अभ्यासात मी अमुक स्केल घेतोय कारण’ हे तुझं वाक्य, त्याला कंस नाही. तुझ्या ड्राफ्टमध्ये हे तिसरं वाक्य कुठेच नाही बघ, दोन पेपर नुसते एकाखाली एक ठेवलेत.

आणि हो, अपेंडिक्समध्ये ती २२ वाक्यं जशीच्या तशी आहेत, तिथे शब्द बदलायच्या फंदात पडू नकोस, स्केल बिघडेल. वर लिही की स्केल १९८८ च्या पेपरातून घेतलं आणि बँकेसाठी एखादं वाक्य बदलावंच लागलं असेल तर कोणतं आणि किती बदललं. सॉफ्टवेअर ती लाल दाखवेल, दाखवू दे.

पान ३ नव्याने लिहून शुक्रवारी पाठव, आणि सोबत ते मराठीत सांगितलेलं पण पाठव, मोबाइलवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल.

— मॅडम