शिफारशीची तीन मिनिटं

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या सादरीकरणाची तालीम ऐकली. तू अठरा मिनिटं बोललीस, मिळणार आहेत बारा, वर प्रश्नांसाठी तीन. शेवटी तू विचारलंस, "सर, थोडं भरभर बोलले तर बसेल ना?" नाही बसणार. आणि बसलंच तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. काय गाळायचं ते घरी ठरव. मंचावर ते ठरवता येत नाही.

मी तुझी वेळ भागवार टिपली होती. प्रस्तावना साडेपाच मिनिटं, पद्धत चार, निरीक्षणं सहा, शिफारस अडीच. आता तूच बघ. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांमध्ये मृग बहार आणि हस्त बहार धरणाऱ्यांकडे तेल्या रोग किती येतो, हा तुझा विषय. मग सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच आहे, हे तू कोणाला सांगते आहेस? समोर बसलेल्यांना तेल्या तुझ्याआधीपासून माहीत आहे. त्यांच्या बागा गेल्यात त्यात.

वाटप उलट्या बाजूने कर. बारातलं एक मिनिट आधीच बाजूला काढ. पेन ड्राइव्ह लावणं, माईक, नाव पुकारणं यात ते जातंच. उरलेल्या अकरातली तीन पहिल्यांदा शिफारशीला दे, पाच निरीक्षणांना. प्रस्तावना आणि पद्धत यांना दीड-दीड. म्हणजे प्रस्तावनेतून चार मिनिटं जातील, पद्धतीतून अडीच, निरीक्षणांतून एक, आणि शिफारशीला उलट अर्धं मिनिट वाढवून मिळेल.

सगळीकडून सारखं छाटू नकोस. प्रत्येक स्लाइडवरचं एकेक वाक्य काढलंस तर स्लाइड तेवढ्याच राहतात, आणि बोलताना ती वाक्यं परत तोंडात येतात. गाळायचं तर अख्खी स्लाइड गाळ. कसोटी एकच: ही काढली तर शिफारस उभी राहते का? राहत असेल तर काढ. जिल्ह्याचा नकाशा, डाळिंबाचे पोषणमूल्य, लागवडीचा तक्ता, सगळं जाईल. डाग पडून तडकलेल्या फळाचा फोटो आणि तुझा प्रश्न एवढी प्रस्तावना पुरे. गावं कशी निवडली, प्रश्नावली कशी होती, या स्लाइड शेवटच्या स्लाइडच्या नंतर नेऊन ठेव. कोणी विचारलंच तर त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाब, पॉवरपॉइंट थेट तिथे जातं.

वाणनिहाय आलेख काढताना तुझा जीव तुटेल, मला माहीत आहे. उन्हातान्हात फिरून जमवलेली माहिती आहे ती. पण बहार कोणता धरावा, या प्रश्नाला तो आलेख काही जोडत नाही. कष्ट किती पडले यावर स्लाइडचं स्थान ठरत नाही.

एवढं करूनही त्या दिवशी उशीर होऊ शकतो, म्हणून दुसरी कात्रीही घरीच ठरव. गावनिहाय तुलनेचा आलेख निरीक्षणांत सगळ्यात शेवटी ठेव. कागदावर मोठ्या अक्षरात तीन आकडे लिही: दीड, तीन, आठ. तिसऱ्या मिनिटाला पहिला आलेख पडद्यावर हवा. आठव्या मिनिटाला, कुठेही असलीस तरी, शिफारस सुरू. गावनिहाय आलेख राहिला तर राहू दे, आणि "वेळेअभावी हे सोडते" असं म्हणूही नकोस. जे दाखवलंच नाही त्याची चुटपुट ऐकणाऱ्याला लागत नाही.

मी सत्राचा अध्यक्ष असतो तेव्हा वेळ संपली की घंटा वाजवतो. लोक मला कठोर म्हणतात. म्हणू देत. एकाने दोन मिनिटं जास्त घेतली की ती पुढच्याच्या वाट्यातून जातात, आणि तो बहुधा तुझ्यासारखा पहिल्यांदाच उभा राहिलेला असतो. पण एक सल आहे. घंटा वाजते तेव्हा वक्ता जवळजवळ नेहमी शिफारशीच्या तोंडाशी असतो. छाटणीची कात्री निर्जंतुक कशी करायची, रोगट फांद्यांचं काय करायचं, बहार कधी धरायचा, हे ऐकायला गावाकडून आलेला माणूस प्रस्तावना ऐकून परत जातो. तू ठरवलं नाहीस तर घड्याळ ठरवतं, आणि ते नेहमी शेवटच कापतं. म्हणून पुन्हा सांगतो, आणि रागावलात म्हटलंस तरी चालेल: काय गाळायचं ते घरी ठरव.

रविवारी उभी राहून, मोठ्याने, फोनवर घड्याळ लावून दोनदा बोल. मनात वाचू नकोस, मनातलं वाचन नेहमी लवकर संपतं. चारही भागांची वेळ वेगवेगळी टिपून मला कळव. एकूण बेरीज नको. बेरीज बरोबर येऊनही प्रस्तावना चार मिनिटांची असू शकते.

तुझा,
सर