एक बातमी, तीन वाचक: सोपं करताना काय हलू द्यायचं नाही

प्रश्न: "आरोग्याच्या बातमीतला एकच परिच्छेद मला घरातल्या मुलांना (वय १३ ते १७), आजी-आजोबांना आणि औषधनिर्माते सहकाऱ्यांना पाठवायचा असतो. सोपं करायला गेले की अर्थ बदलतो, तसाच पाठवला तर घरात कोणी वाचत नाही. भाषा किती आणि कुठे बदलायची?"

उत्तर:

नमुन्यादाखल एक खरी, जुनी बातमी घेते. वर्तमानपत्री मराठीत ती साधारण अशी लिहिली जाईल:

"रक्तदाब व हृदयविकारावरील वलसार्टन या औषधाच्या काही उत्पादनांमध्ये एनडीएमए ही अशुद्धी आढळल्याने ती बाजारातून परत मागवण्यात येत असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले. एनडीएमए हा मानवासाठी संभाव्य कर्करोगकारक मानला जातो. प्रशासनाच्या अंदाजानुसार, सदोष औषधाची सर्वाधिक मात्रा सलग चार वर्षे रोज घेतलेल्या ८,००० व्यक्तींमागे त्यांच्या आयुष्यभरात कर्करोगाचा एक अतिरिक्त रुग्ण आढळू शकतो. पर्यायी औषध उपलब्ध होईपर्यंत रुग्णांनी उपचार थांबवू नयेत, असेही प्रशासनाने म्हटले आहे."

भाषेला हात लावण्याआधी यातल्या चार गोष्टी वेगळ्या कागदावर काढा: 'काही' उत्पादनं, सगळी नव्हेत, 'संभाव्य', म्हणजे सिद्ध नव्हे, 'अतिरिक्त' रुग्ण, आणि उपचार थांबवू नका. तिन्ही मजकुरांत या चारही गोष्टी तितक्याच जोराने आल्या पाहिजेत. शब्द, क्रम, वाक्याची लांबी, क्रियापदाचं रूप हे सगळं खुशाल बदला. अर्थ बदलतो तो बहुतेक वेळा अवघड शब्द काढल्यामुळे नव्हे, तर या चारपैकी एखादा छोटा शब्द गळल्यामुळे.

आजी-आजोबांपासून सुरुवात करू, कारण इथे चुकीची किंमत सर्वांत मोठी. ज्येष्ठांसाठी मराठी बाळबोध करायची गरज नसते. त्यांच्यातल्या अनेकांचं वाचन आपल्यापेक्षा दांडगं असतं आणि 'अशुद्धी', 'मात्रा' हे शब्द त्यांना अडत नाहीत. अडतो तो क्रम. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि मूळ परिच्छेदात तर तो शेवटच्या वाक्याच्याही मध्यावर 'नयेत'मध्ये लपला आहे. मोठ्या अक्षरांच्या फोनवर पहिल्या काही ओळीच दिसतात. 'कर्करोग' दिसतो, 'नयेत' दिसत नाही आणि गोळी बंद होते. रक्तदाबाची गोळी अचानक बंद करण्याचा धोका इथे ताबडतोबीचा आहे. म्हणून कृती सर्वांत वर:

"जुलै २०१८ ची बातमी. रक्तदाबाची वलसार्टन ही गोळी तुम्ही घेत असाल, तर ती स्वतःहून बंद करू नका. या गोळीच्या काही बॅचमध्ये नको असलेला एक घटक सापडला आहे, म्हणून त्या परत मागवल्या जात आहेत. सगळ्या गोळ्यांत तो नाही. त्या घटकामुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता आहे असं मानलं जातं. पण सर्वांत मोठा डोस चार वर्षं रोज घेणाऱ्या ८,००० जणांमागे एक जास्तीचा रुग्ण, इतका तो धोका आहे. पाकिटावरचं कंपनीचं नाव आणि बॅच नंबर औषधवाल्याला दाखवा. तुमची गोळी यादीत असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. बदललेली गोळी हातात येईपर्यंत आहे तीच चालू ठेवा."

मजकूर मुळापेक्षा लांब झाला, आणि तो होऊ द्या. सोपं म्हणजे आखूड नव्हे. 'परत मागवण्यात येत असल्याचे जाहीर केले' ही क्रियापदांची आगगाडी सुटी केली की वाक्यं वाढतातच. तारीख मात्र पहिल्या ओळीतच हवी, कारण असे संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतात. आजीला तुम्ही एरवी 'तू' म्हणत असाल तर एकटीला पाठवताना 'तू'च ठेवा. एकदम 'आपण' आलं की तो मजकूर कुठूनतरी आलेला वाटतो. घरच्या गटात 'तुम्ही' बरं. आणि 'काळजी करू नका' हे वाक्य घालायचा मोह आवरा. मूळ बातमीत ते नाही. 'बंद करू नका' ही सूचना आहे, 'काळजी करू नका' हा तुमचा निष्कर्ष. त्या निष्कर्षावर विसंबून कोणी बॅच नंबर तपासायचाच राहील.

किशोरवयीनांसाठी उलटी ओढ असते. मजकूर चटपटीत करायला जाऊन 'गोळीत कॅन्सरचं केमिकल!' असा मथळा होतो आणि 'काही' व 'संभाव्य' दोन्ही एका फटक्यात जातात. त्यांची बोली उसनी घेऊ नका. मोठ्या माणसाने ती लिहिली की त्यांना लगेच कळतं. 'केमिकल', 'रिस्क', 'बॅच' असे रोजचे शब्द पुरेत. या वयाला 'का?' याचं उत्तर हवं असतं, आणि आकडा उलगडून दिला तर तो छान कळतो:

"ब्लड प्रेशरच्या वलसार्टन गोळ्यांच्या काही बॅच जुलै २०१८ मध्ये परत मागवल्या गेल्या, कारण त्यांत एनडीएमए नावाचं केमिकल सापडलं. औषध बनवायची पद्धत बदलल्यामुळे ते तयार झालं असावं, असा अंदाज होता. त्यामुळे माणसांना कॅन्सर होण्याची शक्यता आहे असं मानतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. रिस्क किती? ८,००० जणांनी सर्वांत मोठा डोस चार वर्षं रोज घेतला, तर त्यांच्यात एरवी जितके कॅन्सर झाले असते त्यात आयुष्यभरात एकाची भर. गोळी अचानक सोडणं धोक्याचं, म्हणून दुसरी मिळेपर्यंत ती घेत राहायची."

'एरवी जितके झाले असते त्यात भर' ही जागा सर्वांत नाजूक. '८,००० पैकी एकाला कॅन्सर होतो' असं लिहिलं तर वाक्य सुटसुटीत दिसतं, पण विधान चुकीचं होतं. 'अतिरिक्त' हा शब्द काढायचा असेल तर त्याच्या जागी अख्खं वाक्य खर्ची घालावं लागतं.

सहकाऱ्यांसाठी कर्मणी प्रयोग आणि संज्ञा राहू द्या. त्यांना त्या वेगाने वाचता येतात. इथे गाळायचं ते स्पष्टीकरण, आणि भरायची ती व्याप्ती:

"वलसार्टनच्या निवडक बॅच परत (अमेरिकी अन्न व औषध प्रशासन, जुलै २०१८). कारण: सक्रिय घटकात एनडीएमए अशुद्धी, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात गट २ए, म्हणजे संभाव्य कर्करोगकारक. अंदाजित जोखीम: ३२० मिग्रॅ प्रतिदिन, ४ वर्षे, संपूर्ण काळ सदोष बॅच, या गृहीतकांवर ८,००० मध्ये १ अतिरिक्त रुग्ण. पर्याय मिळेपर्यंत उपचार खंडित करू नयेत."

शेवटचं वाक्य 'त्यांना ते माहीतच असतं' म्हणून अनेकदा गाळलं जातं. गाळू नका, कारण काउंटरवर रुग्णाला तेच सांगायचं असतं.

पाठवण्याआधी तिन्ही गटांतल्या एकेकाला मजकूर वाचायला द्या आणि 'समजलं का?' असं न विचारता 'मग आता काय करायचं?' असं विचारा. आजोबा 'गोळी बंद करतो' म्हणाले, तर पहिली ओळ पुरेशी ठळक नाही. मुलगी 'आजोबांच्या सगळ्या गोळ्या फेकायच्या' म्हणाली, तर 'काही' गळलंय. सहकाऱ्याने 'कुठल्या बॅच?' असं विचारलं, तर मजकूर ठीक आहे. त्याच्यासोबत यादीचा दुवा जोडायचा राहिला आहे.