आधी लिहा, मग बोला

तुझा निरोप वाचला. हाउसच्या मैदानी स्पर्धांबद्दल तीन प्रश्न विचारलेस: हीटमधून, म्हणजे आधीच्या फेऱ्यांतून, फायनलला धावपटू नोंदलेल्या वेळेनुसार घ्यायचे की क्रमांकानुसार, पंच किती लागतील आणि गुण मोबाइलवर मोजले तर चालतील का. सोबत पाच-पाच मिनिटांचं वेळापत्रकही पाठवलंस. गोंधळ का झालाय ते कळलं. तू दिवसभराच्या घड्याळाकडे बघतो आहेस आणि भांडणं होतात ती शेवटच्या रेषेवरच्या दोन सेकंदांवरून. त्या दोन सेकंदांसाठी माझा एकच नियम आहे: आधी लिहा, मग बोला. पुढे जे सांगतोय ते सगळं याच्याचसाठी.

हीटपासून सुरू करतो. चार हाउस, प्रत्येकाचे शंभर मीटरला तीन धावपटू, लेन सहा. म्हणजे बारा जण, दोन हीट. प्रत्येक हाउसकडून आदल्या दिवशीच त्यांच्या तिघांचा क्रम लिहून घे: पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. मग पहिल्या हीटमध्ये लालचे 1 आणि 3, निळ्याचे 2 आणि 3, हिरव्याचा 1, पिवळ्याचा 2. दुसऱ्या हीटमध्ये लालचा 2, निळ्याचा 1, हिरव्याचे 2 आणि 3, पिवळ्याचे 1 आणि 3. दोन्हीकडे सहा जण होतात आणि अव्वल धावपटूही दोन-दोन येतात. लेन मात्र चिठ्ठ्या टाकून दे. नाहीतर आतली लेन मुद्दाम दिली असं कुणीतरी म्हणणारच.

आता तुझा प्रश्न. क्रमांकावर घे, प्रत्येक हीटमधले पहिले तीन. हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ मोजत असशील तर एका हीटमधला चौथा आणि दुसऱ्या हीटमधला चौथा यांची तुलना करूच नकोस. माणसांची बोटं वेगवेगळी चालतात, दोन हीटच्या मध्ये वारा बदलतो, आणि तुझी तीन घड्याळं तशीही पहिल्या क्रमांकावरच लागलेली असतात. टाइमकीपरना सांग, पिस्तुलाचा धूर दिसताच घड्याळ सुरू करायचं. आवाजाची वाट बघितली तर शंभर मीटर ओलांडून तो येईपर्यंत जवळजवळ तीन दशांश सेकंद गेलेले असतात. तिन्ही घड्याळं वेगळी असली तर मधली वेळ धरायची. ती पुढच्या दशांशावर न्यायची, म्हणजे 13.41 आली तर 13.5 लिहायचं. वेळेबद्दल एवढं पुरे.

खरा जीव ओत तो निकाल पंचांवर. पहिल्या तीन क्रमांकांसाठी प्रत्येकी दोन, असे सहा पंच आणि त्यांच्यावर एक मुख्य पंच. सहाही जण शेवटच्या रेषेच्या सरळ ओळीत, ट्रॅकपासून पाचेक मीटर मागे आणि जमलं तर बाकांवर उंच उभे राहू देत. ज्याला दुसरा क्रमांक दिलाय त्याने फक्त दुसरा बघायचा. धड रेषेवर कधी येतं तेच बघायचं; डोकं, हात, पाय मोजायचे नाहीत. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी आणि पेन्सिल. धावपटूने रेषा ओलांडली की चेस्ट नंबर लिहायचा, चिठ्ठीची घडी घालायची आणि मुख्य पंचाकडे द्यायची. तोवर तोंडातून शब्द नाही. शेजारच्याकडे बघून भुवईसुद्धा उंचवायची नाही.

का, ते एका उदाहरणावरून बघ. समज, पहिल्या क्रमांकाच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर 14 आहे. दुसऱ्याच्या एका चिठ्ठीवर 31, दुसरीवर 22. तिसऱ्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर 22. आता दुसरा कोण? चिठ्ठ्याच सांगतात. 22 ला दोन माणसांनी तिसरा येताना पाहिलाय, म्हणजे दुसरा 31. मुख्य पंचाला आवाज चढवावा लागत नाही की अंदाज करावा लागत नाही. हेच सहा जण आधी घोळका करून बोलले असते, तर ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर दुसरा आला असता, आणि तिसऱ्याच्या पंचांनाही आपण नक्की काय पाहिलं याची शंका येऊ लागली असती. एकदा बोललेलं ऐकलं की डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जातं. म्हणून आधी लिहा, मग बोला.

हे मी इतकं घासून का सांगतो? फार पूर्वी एका स्पर्धेत मी पहिल्या क्रमांकाचा टाइमकीपर होतो. बाहेरच्या लेनमधली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर तिसरी आली. पंचांचा घोळका जमला, उद्घोषकाने भलतंच नाव पुकारलं आणि पदक वेगळ्याच मुलीच्या गळ्यात पडलं. ती मुलगी काही बोलली नाही, बूट हातात घेऊन निघून गेली. तिच्या बाजूने दाखवायला मैदानावर कागदाचा एक तुकडाही नव्हता. ती चुटपुट अजून जात नाही. तेव्हापासून माझ्या मैदानावर चिठ्ठीशिवाय निकाल नाही. लोक मला हट्टी म्हणतात, एवढ्याशा स्पर्धेला कशाला हा थाट, असंही ऐकवतात. ऐकवू देत. स्पर्धा छोटी असेल, पण धावणाऱ्याने वर्षभर वाट पाहिलेली असते, आणि या बाबतीत मी बरोबर आहे.

उद्घोषकाचंही तेच. मुख्य पंचाची सही असलेला निकालाचा कागद हातात येईपर्यंत माइकवर नाव नाही. कागद कार्बन लावून दोन प्रतींत कर, एक गुणलेखकाकडे, एक उद्घोषकाकडे. मोबाइलवर बेरीज करायची तर खुशाल कर, पण ती कागदावरून कर, ऐकीव निकालावरून नको.

गुण पहिल्या चौघांना 5, 3, 2, 1 दे, रिलेला दुप्पट. उंच उडीत दुसऱ्या जागेची बरोबरी सुटलीच नाही तर 3 आणि 2 मिळून दोघांना अडीच-अडीच, आणि पुढचा चौथा धरून त्याला 1. यातली गंमत अशी की बरोबरी झाली तरी प्रत्येक प्रकाराची बेरीज 11 च येते, रिलेची 22. चौदा वैयक्तिक प्रकार आणि दोन रिले असतील तर चारही हाउसचे मिळून 198 व्हायलाच हवेत. 197 आले तर कुठेतरी एक गुण हरवलाय. एखाद्या प्रकारात तिघेच उरले असतील तर तसं त्या कागदावर तेव्हाच लिहून ठेव, नाहीतर संध्याकाळी तो गुण शोधत बसशील. ही पडताळणी दर दोन-तीन प्रकारांनंतर कर, शेवटी एकदम नको.

वेळापत्रक तू बरंच चांगलं केलंयस, दोनच गोष्टी बदल. शंभरची हीट आणि फायनल यांत तू पंचवीस मिनिटं ठेवलीस, ती किमान पंचेचाळीस कर. आणि लांब उडी शंभरच्या हीटच्या वेळी ठेवू नकोस, तेच धावपटू दोन्हीकडे असतात. बारा जणांच्या तीन-तीन उड्या म्हणजे छत्तीस उड्या, एकेकीला मिनिटभर धर आणि खड्डा सारखा करायला वरती थोडा वेळ ठेव. रिलेला चारच संघ आहेत, तिथे हीट नकोच, थेट फायनल, आणि ती सगळ्यात शेवटी.

सहा पंच आणि मुख्य पंच यांची नावं पक्की झाली की मला पाठव. ज्याचा भाऊ, बहीण किंवा मुलगा धावतोय त्याला रेषेवर उभं करू नकोस, गोळाफेकीकडे पाठव. आणि आदल्या संध्याकाळी सहाही जणांना रेषेवर उभं करून चार-पाच मुलं पळव आणि चिठ्ठ्या लिहून घे. पहिल्या खेपेला निम्मे जण लिहायच्या आधी बोलतील. त्यांना पुन्हा उभं कर, मुलं पुन्हा पळव.