मांजर ठेवायचं असेल तर आधी झोपायची खोली सांभाळा

प्रश्न: आम्ही म्हापशाला राहतो. घरात मांजर आहे आणि माझ्या नवऱ्याला सतत शिंका, डोळ्यांना खाज. मांजर कुणाला न देता घरातला हा त्रास कमी करता येईल का?

बऱ्याच अंशी करता येतो. आमच्या फोंड्याच्या घरी सुनेला हाच त्रास होता आणि मनी अजून आमच्याकडेच आहे.

आधी एक गोष्ट नक्की करा: त्रास मांजराचाच आहे का? गोव्यात पावसाळाभर हवा दमट असते आणि गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, जोरात वाढतात. त्यांच्या ॲलर्जीतही शिंकाच येतात. मांजराला कुरवाळल्यावर थोड्याच वेळात डोळे चुरचुरत असतील, चाटलेल्या जागी गांधी उठत असतील, तर संशय मांजरावर. सकाळी उठताना किंवा अंथरूण झटकताना त्रास वाढत असेल तर गादीवर. खात्री त्वचेच्या चाचणीने होते. हातावर थेंब टाकून हलकं टोचतात आणि वीसेक मिनिटांत गांधी उठते का ते बघतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचारूनच करा. सुनेच्या चाचणीत मांजर आणि माइट दोन्ही निघाले. नुसतं मनीला घालवलं असतं तर त्रासाचा मोठा भाग तसाच राहिला असता.

ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलकट स्रावात एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि ते प्रथिन कोंड्याबरोबर घरभर पसरतं. त्याचे बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात आणि कापडाला चिकटून राहतात. म्हणून नुसते केस गोळा करून भागत नाही, आणि सगळं घर एकसारखं स्वच्छ ठेवणंही कुणाला झेपत नाही. एक खोली मात्र राखता येते, आणि माणूस रात्रीचे सात-आठ तास जिथे श्वास घेतो तीच निवडावी.

आमच्या जुन्या भागाला कौलं आहेत, फटींतून हवा खेळते, तिथे एअर प्युरिफायर लावून उपयोग नव्हता. म्हणून मुलगा-सून स्लॅबच्या खोलीत झोपायला लागले. मनीला तिथे कधीच प्रवेश नाही, दार दिवसाही बंद. कापसाची जुनी गादी काढून टाकली, कारण तिच्यात मुरलेले कण धुता येत नाहीत. नव्या गादीला आणि उशांना चेनवाली, घट्ट विणीची खोळ घातली. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतो. मांजराचं प्रथिन साध्या पाण्याने आणि साबणानेही बरंच निघतं, गरम पाणी माइटसाठी लागतं. पावसाळ्यात खोलीतला एसी ड्राय मोडवर ठेवतो. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आली की माइट फारसे वाढत नाहीत. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र बाजारात स्वस्तात मिळतं, ते घ्याच.

प्युरिफायर हेपा फिल्टरचा हवा आणि खोलीच्या मापाचा हवा. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्रावर लिहिलेला सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा, १७० तरी हवा. खिडक्या उघड्या ठेवून तो चालवणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

बाकीच्या घरात आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. केरसुणीऐवजी ओलं फडकं, कारण केर काढताना बसलेले कण पुन्हा उडतात. आणि मनीची जागा बल्कांवातल्या सोप्यावर, धुता येईल अशा फडक्यावर. तिला विंचरायचं काम माझं, तेही बाहेर. मनीला मांडीवर घेतलं असेल तर कपडे बदलल्याशिवाय सुनेच्या खोलीत मी जात नाही, कपड्यांवरून ते प्रथिन सहज जातं.

आंघोळीवर मात्र भिस्त ठेवू नका. कोंडा कमी होतो, पण काही दिवसांतच पहिल्यासारखा होतो, आणि मांजर बिचारं उगाच घाबरतं. तुमचा बोका असेल तर नसबंदी करून घ्या, त्यानंतर हे प्रथिन कमी तयार होतं.

फरक हळूहळू पडतो. घरातून मांजर काढलं तरी साठलेलं प्रथिन कमी व्हायला चार-सहा महिने लागू शकतात. म्हणून मांजर पंधरा दिवस दुसरीकडे ठेवून बघितल्याने काही कळत नाही.

आणि छातीत घरघर, रात्री खोकला किंवा दम लागत असेल तर तो दमा असू शकतो. तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. औषधं नियमित घेऊन आणि खोली राखूनही दम लागतच राहिला, तर मांजरासाठी नात्यातलं एखादं चांगलं घर शोधावंच लागेल.