पन्नाशीनंतरच्या मुलाखतीत वयाचा प्रश्न आला की

प्रश्न: माझं वय ५२, अकाउंट्समध्ये २६ वर्षं काढली आहेत. मुलाखतीत "नवीन सिस्टीम जमेल का", "तरुण टीमबरोबर जुळेल का" असं हमखास विचारतात. मी शांतपणे सगळा अनुभव समजावून सांगतो, पण पुढे फोन येत नाही. याचं उत्तर नेमकं काय द्यायचं?

मीही अकाउंट्समधलाच. ५१ व्या वर्षी नोकरी गेली आणि पुढचे काही महिने मी हेच प्रश्न ऐकत होतो. आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून माणसं घेतो, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं हेही आता कळतं.

तेव्हाची एक मुलाखत मला अजून शब्दशः आठवते. समोरचा मॅनेजर तिशीतला होता. त्याने अगदी सभ्यपणे विचारलं, "आमच्याकडे रिपोर्टिंग बरंच बदललंय, जुळवून घ्यायला जड जाणार नाही ना?" मी म्हणालो, "अजिबात नाही. मी हाताने खातेवह्या लिहिल्यात, त्यानंतर कॉम्प्युटर आले ते शिकलो, दोन वेळा सॉफ्टवेअर बदललं तेव्हा पूर्ण डिपार्टमेंटचं काम मी सांभाळलं. वय हा फक्त आकडा असतो." त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. तिथेच ती मुलाखत संपली होती.

घरी येऊन मी ते उत्तर कागदावर उतरवून काढलं. लिहिलं, शिकलो, सांभाळलं. माझ्याबद्दलचं एकही क्रियापद चालू काळातलं नव्हतं. त्याने विचारलं होतं आजचं आणि मी सांगत होतो पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं. त्यात "वय हा फक्त आकडा" हे वाक्य तर मी आपणहून टेबलावर ठेवलं, त्याने वय हा शब्दही उच्चारला नव्हता.

मॅनेजरला खरी भीती वयाची नसते. हा माणूस आला की त्याला प्रत्येक गोष्ट बसवून शिकवावी लागेल, आणि शिकवलेलं पटलं नाही तर तो "आम्ही असं करायचो" म्हणत बसेल, ही भीती असते. तुम्ही कितीही समजावलंत तरी ती जात नाही, कारण समजावणं हा पुरावा नाही. गेल्या सहा महिन्यांत आपणहून शिकलेली आणि खऱ्या कामात वापरलेली एक गोष्ट दाखवली की जाते. एकच पुरेशी असते, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला टिकली पाहिजे.

ती कशी निवडायची? मी माझ्या पदाच्या पंधरा जाहिराती काढल्या आणि प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं मोजली. पायथन एक-दोन ठिकाणी होतं. पॉवर क्वेरी, म्हणजे वेगवेगळ्या फाईली आपोआप जोडून नीट करून देणारी सोय, आणि डॅशबोर्ड मात्र निम्म्याहून जास्त ठिकाणी होते. मी पॉवर क्वेरी घेतलं. दुसरं कारण असं की ते एक्सेलमध्येच असतं, २०१६ च्या आवृत्तीपासून Data टॅबवर, आणि ज्या कामात माझी हयात गेली त्याच कामाला ते लागतं. आपल्या जुन्या कामाला लागून असलेलंच काहीतरी घ्या. त्याचा फायदा पुढे दिसेल.

पहिले दोन आठवडे रोज एक तास फक्त शिकलो. मग एका ओळखीच्या वितरकाला विचारून त्याच्या परवानगीने त्याच्या येणे-बाकीचं काम घेतलं. जुन्या कंपनीचा डेटा वापरायचा मोह होतो, तो अजिबात वापरू नका. मुलाखतीत ते कळलं तर माणूस विश्वासातूनच उतरतो. या वितरकाच्या चार शाखा दर महिन्याला विक्रीची एकेक सीएसव्ही फाईल पाठवायच्या. त्याचा माणूस त्या एकाखाली एक चिकटवायचा, VLOOKUP लावून ग्राहकांची नावं आणायचा आणि कोणाची बाकी किती दिवसांची आहे हे काढायचा. दीड दिवस जायचा. मी सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये टाकल्या, Get Data मधून From Folder निवडून त्या एकत्र जोडल्या आणि बाकीच्या पायऱ्या बसवल्या. पुढच्या महिन्यापासून नवीन फाईली फोल्डरमध्ये टाकून Refresh दाबायचं, एवढंच काम उरलं.

पण पहिल्यांदा आकडे चुकले, आणि मुलाखतीत सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. एकूण बाकी जुन्या पद्धतीशी पैशापर्यंत जुळत होती. तरीही नव्वद दिवसांवरची बाकी मला खटकली, ती फारच कमी दिसत होती. एका ग्राहकाची बिलं उघडून बघितली. शाखांच्या फाईलींत तारीख दिवस-महिना-वर्ष अशी होती आणि त्या कॉम्प्युटरची सेटिंग महिना-दिवस-वर्ष अशी. त्यामुळे 03/04 म्हणजे ३ एप्रिलचं बिल ४ मार्चचं झालं होतं आणि 04/03 चं उलट. 25/04 सारख्या तारखेत पंचविसावा महिना नसल्यामुळे तिथे Error येत होता आणि शीटवर तो रकाना रिकामा दिसत होता. रकमा सगळ्या जागेवर होत्या, म्हणून बेरीज जुळत होती. वय मात्र चुकीचं निघत होतं, बिलाचं.

उपाय त्या वितरकाकडच्या एका तरुण मुलीने दाखवला. तारखेच्या कॉलमवर Change Type मध्ये Using Locale निवडायचं आणि फाईल ज्या पद्धतीची आहे ती पद्धत सांगायची. त्याआधी आपोआप लागलेली Changed Type ही पायरी काढून टाकायची, नाहीतर चूक आधीच झालेली असते. मी दोन तास भलतीकडेच शोधत होतो, तिने पाच मिनिटांत दाखवलं.

पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला तेव्हा मी एवढंच म्हणालो: "सध्या मी एका वितरकाचं येणे-बाकीचं रिपोर्टिंग पॉवर क्वेरीवर बसवतोय. चार शाखांच्या फाईली फोल्डरमधून थेट येतात, दीड दिवसाचं काम आता अर्ध्या तासावर आलंय, त्यातली वीस मिनिटं तपासणीची. सुरुवातीला तारखांमध्ये चूक झाली होती. एकूण बेरीज जुळत होती, पण नव्वद दिवसांवरची बाकी पटेना म्हणून सापडली. सध्या त्यावर महिनावार डॅशबोर्ड करायला शिकतोय."

मिनिटभराचं उत्तर. मॅनेजर पुढे वाकला आणि म्हणाला, "तारखांचं काय झालं होतं?" त्या क्षणी विषय वयावरून कामावर गेला आणि परत आला नाही. मी सगळं सांगितलं, त्या मुलीने Using Locale दाखवल्याचंही. तरुण टीमबरोबर जुळेल का हे त्याने मग विचारलंच नाही, कारण निम्म्या वयाच्या माणसाकडून शिकलेलं मी सहज सांगून गेलो होतो. आणि अनुभवाचं वेगळं काही बोलावं लागलं नाही. बेरीज जुळत असताना नव्वद दिवसांच्या आकड्यावर बोट ठेवायला अनेक वर्षांची नजर लागते, हे अकाउंट्समधल्या माणसाला सांगावं लागत नाही. जुन्या कामाला लागून असलेलं शिका म्हणालो ते याचसाठी.

हे चुकतं कुठे, तेही सांगतो, कारण आता उमेदवारांमध्ये मी ते बघतो. बरेच जण दोन व्हिडिओ बघून रेझ्युमेत पाच नवी नावं टाकतात. एकाने XLOOKUP येतं असं लिहिलं होतं. मी विचारलं, VLOOKUP पेक्षा त्यात वेगळं काय? तो म्हणाला, "ते नवीन आहे." ज्याने खरंच वापरलंय तो लगेच सांगतो की VLOOKUP मध्ये शेवटचा FALSE विसरला की ते जवळपासची किंमत आणून देतं आणि चूक दिसतही नाही, XLOOKUP मुळातच तंतोतंत जुळणारं शोधतं. शिवाय मध्ये एखादा कॉलम घातला की VLOOKUP मधला कॉलम नंबर चुकतो, तो प्रश्नच XLOOKUP मध्ये येत नाही. हे माहीत असायला हुशारी लागत नाही, एकदा चुकलेलं असावं लागतं. म्हणून नुसतं सर्टिफिकेट मला फारसं काही सांगत नाही, "यात काय बिघडलं होतं?" याचं उत्तर सांगतं.

रेझ्युमेत मी थोडंच बदललं. "एमएस ऑफिसचं ज्ञान" ही ओळ काढली, ती आजकाल कौशल्यापेक्षा जन्मसालच जास्त सांगते. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची नावं काढली. शेवटच्या बारा वर्षांचं काम सविस्तर ठेवलं आणि आधीचं दोन ओळींत आणलं. सगळ्यात वर, वर्ष घालून, हे वितरकाचं काम टाकलं. पदवीचं साल रेझ्युमेत नसलं तरी चालतं, पण अर्जात किंवा समोर कोणी विचारलं तर खरंच सांगा.

याला एक मर्यादा आहे. "तुम्ही किती वर्षं थांबाल?" किंवा "हा पगार तुम्हाला कमी नाही का?" हे प्रश्न वेगळे आहेत. तिथे पॉवर क्वेरीची गोष्ट सांगितलीत तर टाळाटाळ वाटेल. त्यांना एका वाक्यात सरळ उत्तर द्या, "किमान पाच वर्षं काम करायचं ठरवलंय", "हा पगार विचारात घेऊनच अर्ज केला", आणि थांबा. शिवाय काही ठिकाणी निर्णय तुम्ही आत शिरायच्या आधीच झालेला असतो. तुमच्या कामावर एकही उपप्रश्न आला नाही, दहा मिनिटांत "कळवतो" म्हणाले, तर आपलं उत्तर चुकलं असं समजून ते बदलत बसू नका. उपप्रश्न येऊनही दोन-तीन ठिकाणी नकार आला, तर मात्र कुठल्या प्रश्नाला अडखळलो ते त्याच संध्याकाळी लिहून काढा आणि तेवढं करून बघा. मला एकदा "पाचवी शाखा आली आणि तिच्या फाईलीत कॉलमचं नाव वेगळं असलं तर?" असं विचारलं होतं. मला येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. घरी येऊन तशी एक फाईल मुद्दाम बनवली, क्वेरी कुठे मोडते ते बघितलं आणि जोडण्याआधी नाव बदलायची पायरी घातली.

मुलाखतीला जायच्या आदल्या दिवशी उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. दीड मिनिटाच्या वर गेलं तर काटा. आणि क्रियापदं मोजा: "करायचो" किती वेळा आलं आणि "करतोय" किती वेळा.