जुन्या बुकमार्कने उघडलेलं इन्व्हॉइस

प्रश्न: पत्त्यातला आयडी बदलला की आमच्या पोर्टलवर दुसऱ्याच ग्राहकाचं इन्व्हॉइस उघडतं. आकड्यांऐवजी यूयूआयडी टाकले तर पुरेल का? कोड जुना आहे, सगळीकडे तपासणी घालणं अवघड जाईल.

उत्तर:

नाही, पुरणार नाही. इतकं ठाम सांगतोय, कारण याच मुद्द्यावर मी एकदा टीममध्ये भांडलो होतो, माझं कोणी ऐकलं नाही, आणि त्याची किंमत आम्ही नंतर मोजली.

आमचंही असंच पोर्टल होतं. ग्राहक म्हणजे कंपन्या, प्रत्येक कंपनीचे चार-पाच लोक लॉगिन करणारे. एके दिवशी एका ग्राहकाचा फोन आला: "मला भलत्याच कंपनीचं बिल दिसतंय." त्याने काहीही हॅक केलं नव्हतं. हातातल्या छापील इन्व्हॉइसवरचा नंबर त्याने सरळ पत्त्यात टाकला होता. पत्त्यात मात्र आम्ही डेटाबेसचा आयडी वापरत होतो, आणि छापील नंबर वेगळ्या मालिकेतला. त्यामुळे त्याच्या नंबराइतकाच आयडी असलेलं दुसऱ्याचं इन्व्हॉइस उघडलं: नाव, पत्ता, दर, सवलत, सगळं. कोड पाहिला तर लॉगिनची तपासणी होती, पण त्यापुढे थेट `Invoice.objects.get(pk=pk)`. माणूस कोण आहे हे आम्ही विचारत होतो. हे इन्व्हॉइस त्याचं आहे का, हे कुठेच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, क्वेरीतच कंपनीची अट घालू. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: जागा खूप आहेत, त्यापेक्षा यूयूआयडी टाकू, कोणाला अंदाजच करता येणार नाही. मायग्रेशन झालं, तिकीट बंद झालं.

काही महिन्यांनी दुसरा फोन आला. एका ग्राहक कंपनीतला हिशेबनीस नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीत गेला होता, आणि तीही आमचीच ग्राहक. जुन्या कंपनीने त्याचं खातं वेळेवर बंद केलं होतं, त्यांची काहीच चूक नाही. पण त्याच्या ब्राउझरमध्ये जुने बुकमार्क होते. नव्या कंपनीच्या लॉगिनने आत असताना त्याने त्यातल्या एकावर क्लिक केलं आणि जुन्या कंपनीचं इन्व्हॉइस समोर उघडलं. माणूस सरळ, म्हणून त्याने कळवलं. इथे कोणी कसलाच अंदाज केला नव्हता. यूयूआयडी त्याला आधीपासून माहीत होता, आणि आमचा कोड तेवढ्यावरच दार उघडत होता.

पत्ता हा गुपित ठेवायची जागाच नाही. तो ईमेलमधून फॉरवर्ड होतो, ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतो, सपोर्टला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतो. आधी रेकॉर्ड आणून मग `if` लावणंही मला पटत नाही, कारण पुढचं पान लिहिणारा तो `if` विसरतो. अट क्वेरीतच हवी, आणि कंपनी कोणती हे लॉगिन झालेल्या वापरकर्त्यावरूनच ठरायला हवं. फॉर्ममधून किंवा पत्त्यातून आलेला `company_id` वापरलात तर तोही बदलता येतो, म्हणजे पुन्हा पहिल्याच जागी आलात.

शेवटी आम्ही केलं ते असं (जॅन्गो होतं, पण बाकी फ्रेमवर्कमध्येही कल्पना हीच):

```python
invoice = get_object_or_404(
    Invoice, pk=invoice_id,
    company_id=request.user.company_id)
item = get_object_or_404(invoice.items, pk=item_id)
```

दुसरी क्वेरी नीट पाहा, कारण दुरुस्ती करतानाही आम्ही तिथे फसलो होतो. यूयूआयडींच्या जागी वाचायला सोपे आकडे लिहायचे तर आमचा एक पत्ता `/invoices/1042/items/77` अशा रचनेचा होता. पहिल्या खेपेला आम्ही 1042 ची मालकी तपासली आणि 77 मात्र `InvoiceItem` मधून नुसत्या आयडीने उचलला. म्हणजे स्वतःचं इन्व्हॉइस पुढे करायचं आणि मागे दुसऱ्याच्या ओळीचा आयडी लावायचा, की ती ओळ हातात. रिव्ह्यूमध्ये दोघांनी हा कोड वाचला होता, आणि तपासणी समोर दिसत असल्यामुळे दोघांनीही तो पास केला. म्हणून आतली वस्तू नेहमी तपासलेल्या पालकाच्या मार्गानेच आणा.

पीडीएफची गोष्ट वेगळी. आमच्या फाइल्स वेबसर्व्हर `/media/` मधून थेट देत होता. तिथे आमचा कोड चालतच नव्हता, तर तपासणी कुठली होणार? त्या फाइल्स उघड्या फोल्डरमधून हलवाव्या लागल्या आणि डाउनलोड त्याच क्वेरीमागे ठेवावं लागलं.

"सगळीकडे घालणं अवघड" याबद्दल म्हणाल, तर आधी मोजा. कोडमध्ये `Invoice.objects` शोधलं तर आमच्याकडे अकरा जागा निघाल्या: पाहणं, पीडीएफ, ईमेल पुन्हा पाठवणं, क्रेडिट नोट वगैरे. ज्या कामाचं महिनोनमहिने भय घातलं जात होतं ते दोन दिवसांत झालं. त्याआधी यूयूआयडीच्या मायग्रेशनला आठवडा गेला होता.

मग टेस्ट. दोन कंपन्या तयार करा, ब च्या लॉगिनने अ चा प्रत्येक पत्ता मागा आणि 404 येतो का बघा. त्याच पत्त्यावर अ ला 200 मिळतो हेही त्याच टेस्टमध्ये तपासा, नाहीतर पत्ता चुकीचा लिहिला असला तरी 404 येतो आणि टेस्ट पास होते. वाचण्याचे पत्ते झाले की बदलण्याचे आणि पुसण्याचेही घ्या. 403 की 404 यावर आमच्याकडे बराच वाद झाला. मी 404 च्या बाजूने आहे, कारण 403 वरून त्या आयडीचं काहीतरी अस्तित्वात आहे हे कळतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मालकी कंपनीची तपासा, इन्व्हॉइस बनवणाऱ्या माणसाची नको. नाहीतर त्याच्या सहकाऱ्यालाच ते दिसणार नाही, आणि तो नोकरी सोडून गेला की कोणालाच दिसणार नाही. एकच माणूस अनेक कंपन्यांचे हिशेब पाहत असेल तर वरचा एकेरी `company_id` पुरत नाही, सदस्यत्वाचं वेगळं टेबल लागतं. तुमच्या सपोर्टच्या लोकांना सगळं दिसायला हवं असेल तर त्यांचा मार्ग वेगळा ठेवा, याच क्वेरीत अपवाद घुसवू नका. आणि यूयूआयडी निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. आकडे एकेक वाढवत सगळी इन्व्हॉइस ओढून नेणं त्याने थांबतं, तुम्ही किती बिलं काढता तेही झाकलं जातं. तपासणी झाल्यावर खुशाल घाला.

एक काम मात्र कोडला हात लावण्याआधी करा: जुने लॉग कुठेतरी सुरक्षित ठेवा. 200 मिळालेल्या प्रत्येक विनंतीत मागणाऱ्याची कंपनी आणि इन्व्हॉइसची कंपनी जुळते का हे त्यावरूनच तपासता येतं, आणि कोणाचं काय उघडं पडलं ते ग्राहकांना सांगता येतं. आमच्या लॉगमध्ये वापरकर्त्याचा आयडीच नव्हता, फक्त आयपी पत्ता होता. त्या दोन फोनच्या मधल्या काळात आणखी कोणी काय पाहिलं, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.