बारशासाठी गुरुजींना पत्र: आधी जन्मवेळ नीट लिहा

प्रश्न: मुलगी झाली, मंगळवारी रात्री 1.20 ला. आमच्या गुरुमहाराजांना पत्र लिहून आशीर्वाद आणि बारशाला चांगला दिवस मागायचाय. पत्र कसं लिहू? घरचे म्हणतात रविवारी बारावा दिवस येतो, तोच धरा.

अभिनंदन! मजकूर सोपा आहे, तो खाली देतोच, पण तुमच्या या एका ओळीतच घोळ आहे तो आधी बघा. मंगळवारी रात्री 1.20 म्हणजे कॅलेंडरने बुधवार लागलेला असतो, पण पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे जन्मवार मंगळवारच. जन्माचा दिवस धरून मोजलं की बारावा दिवस जन्मवारापासून चार वार पुढे येतो, म्हणजे मंगळवारचा शनिवार आणि बुधवार धरला तर रविवार. घरच्यांनी बुधवार धरलाय हे उघड आहे. आता दोन्ही बरोबर असू शकतात ही खरी गंमत, कारण सोयर मोजताना काही घरांत मध्यरात्रीला दिवस बदलतात, काही सूर्योदयाला, आणि काही ठिकाणी रात्रीचे तीन भाग करून फक्त शेवटच्या भागातला जन्म दुसऱ्या दिवसात धरतात (1.20 त्या हिशोबाने आधीच्याच दिवसात जातं). तुमच्या घरची रीत कुठली हे आजीला नाहीतर भटजींना विचारा आणि पत्रात निर्णय देऊ नका, फक्त वेळ अशी लिहा की वाचणाऱ्याला शंका येणार नाही.

वेळ डिस्चार्ज कार्डावरून किंवा हॉस्पिटलच्या नोंदीवरून घ्या, "दीडच्या सुमारास" असलं काही नको. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्याचे चार चरण, म्हणजे एक चरण जवळपास सहा तासांचं, आणि नावरस अक्षर चरणावरून निघतं. रोहिणीला ओ, वा, वी, वू. बहुतेक वेळा दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण जन्म चरण बदलायच्या काठावर असेल तर वा चं वी होतं. गावाचं नावही लिहा, जन्म झाला त्या गावाचं, तुमच्या राहत्या गावाचं नाही. बाळंतपण माहेरी झालं असेल तर हमखास चूक होते ही.

आता आमची फजिती. पहिल्या मुलीच्या वेळी मी पत्रात शेवटी लिहिलं "नावही आपणच सुचवावं", खरं तर नुसतं नम्रपणाने, कारण नाव बायकोने पाचव्या महिन्यातच ठरवून ठेवलेलं. आठवड्याने उत्तर आलं, अंगाऱ्याची पुडी, चार मंत्राक्षता आणि एका ओळीत नाव, वासंती. तोपर्यंत पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या, त्यावर दुसरंच नाव! शेवटी पाळण्यात वासंती आणि शाळेत बायकोचं असं ठरलं, पण दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. म्हणून नाव ठरलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि फक्त अक्षर विचारा. खरंच त्यांच्याकडून हवं असेल तरच नाव मागा, आणि मग पत्रिका छापायला टाकू नका.

पत्र असं लिहा, जागा तुमच्या भरा:

> ।। श्री गुरुदेव दत्त ।।
>
> गाव, दिनांक
>
> परमपूज्य सद्गुरू श्री … महाराज यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.
>
> मी …, राहणार …. सन … च्या गुरुपौर्णिमेला मला व सौ. … हिला आपला अनुग्रह लाभला. आपल्या कृपेने आम्हाला कन्यारत्न झालं आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.
>
> जन्म मंगळवार, दि. … रोजी मध्यरात्रीनंतर 1 वाजून 20 मिनिटांनी (इंग्रजी तारखेने बुधवार, दि. …) …, जिल्हा … येथे झाला. आमचं गोत्र …, कुलदैवत ….
>
> बारसं शनिवारी की रविवारी करावं याबद्दल घरात दोन मतं आहेत, तरी बारावा दिवस कोणता धरावा हे सांगावं. तो दिवस योग्य नसल्यास पुढच्या महिन्याभरातला एखादा दिवस सुचवावा. बाळाची आत्या … तारखेनंतर येऊ शकेल. नाव … ठरवलं आहे, नावरस अक्षर तेवढं कळवावं.
>
> बाळाला आपला आशीर्वाद मिळावा ही चरणी प्रार्थना.
>
> आपला आज्ञाधारक,
> नाव, पूर्ण पत्ता, फोन

वरचं स्मरण तुमच्या परंपरेचं घाला, दत्तसंप्रदाय नसेल तर ते बदला. वारकरी असाल तर रामकृष्णहरी, महानुभाव असाल तर साष्टांग नमस्काराच्या जागी दंडवत प्रणाम. अनुग्रहाचं साल मुद्दाम लिहायला लावतोय, मठात एकाच आडनावाची पन्नास पत्रं येतात, तेवढ्यावरून ओळख पटते. भाऊबंदात कोणी गेलं असेल आणि सुतक चालू असेल तर तेही एका ओळीत सांगा, त्याने दिवस बदलू शकतो. बाळ पेटीत ठेवलेलं असेल तर तेही लिहा, मग घाईचा दिवस कोणी देणारच नाही.

एक लक्षात घ्या, बऱ्याच ठिकाणी महाराज स्वतः पंचांग बघत नाहीत. आशीर्वाद त्यांचा, दिवस मठातले शास्त्रीबुवा काढतात. म्हणून पत्रात दोन्ही गोष्टी वेगळ्या परिच्छेदात असल्या की खालच्या माणसाला तेवढाच भाग पुढे देता येतो. बारावा दिवस चुकला की मग तिथी-नक्षत्र बघावं लागतं, चतुर्थी, नवमी, चतुर्दशी आणि अमावास्या साधारण टाळतात, वार सोम, बुध, गुरू, शुक्र चांगले धरतात. ही माहिती तुमच्यासाठी, पत्रात "अमुक तिथी चालेल का" असं लिहून त्यांनाच शिकवायला जाऊ नका 😅

बारा दिवसांत साध्या टपालाने पत्र जाऊन उत्तर येणं अवघड आहे. मठात फोन करून विचारा की पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर चालेल का, बहुतेक ठिकाणी आता चालतं, किंवा दर्शनाला कोणी जात असेल त्याच्या हातात द्या. टपालानेच पाठवणार असाल तर तुमचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आत घाला. नोटा पाकिटात घालू नका, सेवा द्यायची तर मठाची पावती घ्या.

नावाच्या सरकारी कामासाठी यात घाई करायची गरज नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण ती विनानाव होते, आणि नाव वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं.

आणि उत्तर आलंच नाही वेळेत तर? बाराव्या दिवसाला वेगळा मुहूर्त काढत नाहीत, तुमच्या रीतीने जो बारावा येईल त्या दिवशी पाळणा बांधा, आत्याला कानात नाव सांगू द्या, आणि बाळ प्रवासाला जरा मोठं झालं की दर्शनाला घेऊन जा. धाकटीच्या वेळी आम्ही तेच केलं, उत्तर बारशानंतर चार दिवसांनी आलं आणि त्यात लिहिलेला दिवस तोच होता.